विप्रोचा शेअर कोणाला सापडतो? इंडेक्स फंड आणि शेअरनिवडीमागचं गणित

शेअर बाजाराचा विषय निघाला की खानदेशात कोणीतरी अमळनेरचं नाव काढतंच. जळगाव जिल्ह्यातल्या या गावात 1945 साली वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी सुरू झाली. पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली. सुरुवातीच्या काळात गावातल्या काही मंडळींनी तिचे शेअर घेतले, काहींनी नंतर घेतले आणि विकले नाहीत. बोनस शेअर मिळत गेले, तूप-साबणाची कंपनी संगणकाच्या धंद्यात उतरली आणि त्या जुन्या कागदांनी अनेक घरं कोट्यधीश झाली. गोष्ट खरी आहे. तिच्यातून जो धडा काढला जातो तो मात्र तपासून पाहायला हवा.

धडा असा सांगितला जातो: चांगली कंपनी शोधा, शेअर घ्या आणि विसरून जा. पण 1945 साली अमळनेरच्या माणसाला ही कंपनी चांगली निघणार हे कळायचा काही मार्ग नव्हता. तेलाच्या गिरण्या गावोगावी होत्या. त्या काळात शहाण्या माणसाने सुरक्षित म्हणून काय घेतलं असतं? बहुधा मुंबईच्या एखाद्या नामांकित कापडगिरणीचा शेअर. तोही घेऊन विसरून गेलेले लोक होतेच. 1982 च्या संपानंतर त्यातल्या कितीतरी गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. त्या शेअरांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही. आपल्या कानावर येतात त्या फक्त जिंकलेल्यांच्या कथा.

शेअर आणि इंडेक्स फंड, म्हणजे ठरलेल्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड, यांची तुलना करताना बहुतेक जण जोखमीपासून सुरुवात करतात: सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका वगैरे. ते बरोबरच आहे, पण अर्धवट आहे. पैसे अनेक कंपन्यांत विभागण्याचं त्याहून मोठं कारण शेअरांच्या परताव्याच्या विचित्र वाटणीत आहे. ही वाटणी समजली की बाकीचं आपोआप समजतं.

शेअर जास्तीत जास्त किती पडू शकतो? शंभर टक्के. दहा हजार लावले तर दहा हजारच जातील, त्याहून जास्त नाही. वर मात्र मर्यादा नाही. दहा हजारांचे एक लाख होतील, तीन लाख होतील, क्वचित त्याहूनही जास्त. एक बाजू शून्यापाशी अडलेली आणि दुसरी मोकळी, त्यामुळे सरासरी काढताना मोजके प्रचंड वाढलेले शेअर ती एकट्याने वर ओढतात. याचा परिणाम असा की बहुतेक शेअर सरासरीच्या खाली राहतात.

एक कल्पित उदाहरण आकड्यांनिशी पाहू. दहा कंपन्या आहेत. प्रत्येकीत दहा हजार, म्हणजे एकूण एक लाख रुपये लावले आणि पंधरा वर्षं थांबलो. दोन कंपन्या बुडाल्या. दोघींचे पैसे निम्मे झाले. तिघींचे दुप्पट झाले, म्हणजे बँकेतल्या मुदत ठेवीइतकेही नाहीत. दोघींचे सहापट झाले. आणि एकीचे तीसपट.

बेरीज करू. बुडालेल्यांचे शून्य, निम्म्या झालेल्या दोघींचे मिळून दहा हजार, दुप्पटवाल्या तिघींचे साठ हजार, सहापटवाल्या दोघींचे एक लाख वीस हजार आणि तीसपटवालीचे तीन लाख. एकूण चार लाख नव्वद हजार. लाखाचे जवळपास पाचपट, म्हणजे वर्षाला चक्रवाढीने 11 टक्क्यांच्या थोडं वर. चार कंपन्यांनी पैसे घालवूनसुद्धा.

आता ती तीसपटवाली कंपनी बाजूला काढा. उरलेल्या नऊ कंपन्यांत नव्वद हजार गेले आणि एक लाख नव्वद हजार आले. वर्षाला साधारण 5 टक्के. सगळी कमाई एका नावात होती.

समजा तुम्ही या दहांतल्या तीनच कंपन्या निवडल्या. ती एक नेमकी तुमच्या तिघींत असण्याची शक्यता तीस टक्के, नसण्याची सत्तर टक्के. दहा माणसांनी अशा चिठ्ठ्या उचलल्या तर साधारण सात जणांना मुदत ठेवीच्या आसपास किंवा त्याहून कमी मिळेल आणि तिघे गावभर सांगत सुटतील. गंमत अशी की या दहा जणांची सरासरी काढली तर ती तेवढीच, पाचपटीच्या जवळच येते. शेअर निवडल्याने सरासरी बिघडत नाही. बिघडते ती वाटणी: थोड्यांना खूप, बहुतेकांना कमी. आणि आपल्याला एकच आयुष्य, एकच पोर्टफोलिओ मिळतो, दहा जणांची सरासरी मिळत नाही.

उदाहरण कल्पित असलं तरी वाटणी खरी आहे. अमेरिकेतले वित्तशास्त्राचे प्राध्यापक हेन्ड्रिक बेसेम्बाइंडर यांनी 1926 ते 2016 या काळात तिथल्या बाजारात नोंदलेल्या सुमारे 26 हजार शेअरांचा हिशोब मांडला. सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवून जे मिळालं असतं, तेवढंही निम्म्याहून अधिक शेअरांनी त्यांच्या आयुष्यभरात दिलं नाही. रोख्यांच्या वर बाजाराने जी संपत्ती निर्माण केली, ती सगळी सुमारे चार टक्के कंपन्यांच्या खात्यावर बसते. उरलेल्या 96 टक्के कंपन्या मिळून रोख्यांच्या बरोबरीला आल्या. ही आकडेवारी अमेरिकेची आहे, पण शून्यावर अडणारा तळ आणि उघडं छत आपल्याकडेही तसंच आहे.

म्हणून पैसे विभागण्याचं काम दुहेरी आहे. एक कंपनी बुडाली तर आपण बुडू नये, हे एक. आणि ते मोजके चार टक्के आपल्या हातून सुटू नयेत, हे दुसरं. माझ्या मते लहान गुंतवणूकदारासाठी दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, कारण बुडालेली कंपनी निदान डोळ्यांना दिसते. न घेतलेला शेअर दिसतच नाही.

इंडेक्स फंड हे काम कसं करतो ते निफ्टी 50 वरून पाहू. निफ्टी ही राष्ट्रीय शेअर बाजाराने 1996 साली सुरू केलेली पन्नास मोठ्या कंपन्यांची यादी. प्रत्येक कंपनीला तिच्या आकारानुसार वजन दिलेलं असतं, आणि आकार मोजताना प्रवर्तकांकडचे शेअर वगळून बाजारात खेळणारेच धरतात. फंड तीच यादी, त्याच वजनांत विकत घेतो. फंड व्यवस्थापकाने कुठली कंपनी चांगली याचा विचार करायचाच नसतो. त्यासाठीचा पगार वाचतो, म्हणून असे फंड स्वस्त असतात. मध्यस्थाशिवाय घ्यायच्या थेट योजनेत बहुतेक मोठ्या फंडांचा वार्षिक खर्च शंभर रुपयांमागे दहा-वीस-तीस पैशांच्या घरात असतो.

यातली हुशारी वजनांमध्ये आहे. कंपनी वाढली की तिचं वजन आपोआप वाढतं, त्यासाठी फंडाला काही करावं लागत नाही. घसरली की वजन आपोआप घटतं. वर्षातून दोनदा यादी तपासली जाते आणि फार लहान झालेल्या कंपनीच्या जागी दुसरी येते. आपण नेमकं उलट करतो. दुप्पट झालेला शेअर ‘नफा पदरात पाडून घेऊ’ म्हणून विकतो आणि पडलेला शेअर ‘भाव परत येईल’ म्हणून धरून बसतो. वर त्यातच आणखी घेऊन सरासरी भाव खाली आणतो. दहातला एक तीसपटीचा शेअर चुकून हाती लागला तरी तो तीसपट होईपर्यंत आपल्याकडे टिकत नाही.

यादीतली नावं शहाणपणाने निवडलेली असतात असंही समजू नका. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी हिशोबात खोट असल्याची कबुली देणारं पत्र लिहिलं आणि शेअर एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून जास्त कोसळला. काही दिवसांत सत्यम निफ्टीतून बाहेर गेली. तिच्या जागी आली रिलायन्स कॅपिटल. या कंपनीचं संचालक मंडळ 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने बरखास्त केलं. प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं आणि साध्या भागधारकांच्या हाती काहीच आलं नाही. तोवर तीही निफ्टीतून कधीच बाहेर पडली होती. एवढे डाग असूनही निर्देशांक वर गेला, कारण त्याला प्रत्येक वेळी बरोबर असण्याची गरज नव्हती.

येस बँकेचं उदाहरण जरा तपशिलात घेऊ. ही बँक 2015 पासून निफ्टीत होती. ऑगस्ट 2018 मध्ये शेअर 400 रुपयांच्या आसपास होता. लाख रुपयांत 250 शेअर आले असते. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवस्थापकीय संचालकांची मुदत जानेवारी 2019 च्या पुढे वाढवायला नकार दिला आणि एका दिवसात भाव चौथ्या हिश्शाहून जास्त पडला. इथून पुढचं दीड वर्ष शिकण्यासारखं आहे. भाव जसजसा खाली येत गेला, तसतशी लहान भागधारकांची संख्या वाढत गेली. चारशेचा शेअर दोनशेला स्वस्त वाटला, दोनशेचा पन्नासला फुकट वाटला. बुडीत कर्जं किती आहेत हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. समोर होता फक्त पूर्वीचा भाव, आणि शेअर आज किती मोलाचा आहे हे त्याच्यावरून काही कळत नाही.

5 मार्च 2020 ला बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना पन्नास हजारांवर रक्कम काढता येईना. दुसऱ्या दिवशी शेअर काही काळ सहा रुपयांच्याही खाली गेला. मग बचावाची योजना आली, आणि तिच्यात शंभराहून अधिक शेअर असलेल्या जुन्या भागधारकांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. आपल्या 250 वाल्याचे 187 शेअर मार्च 2023 पर्यंत अडकले. जुलै 2020 मध्ये बँकेने नवे शेअर बारा रुपयांना विकले. चारशेचं बारा म्हणजे लाखाचे तीन हजार.

आता त्याच काळातला निफ्टी फंड घ्या. सोयीसाठी धरू की बँकेचं निफ्टीतलं वजन 2 टक्के होतं. शेअर पार मातीत गेला तरी फंडातल्या लाखामागे या बँकेपायी झालेलं नुकसान दोन हजारांच्या आत. फंडालाही झळ लागली, हेही सांगायला हवं. मार्च 2020 मध्ये येस बँक निफ्टीतून काढली गेली, पण फंडांचेही शेअर गोठवलेले असल्याने त्यांना ते लगेच विकता आले नाहीत. यादीत नसलेली कंपनी फंडात पडून राहिली. पण एव्हाना तिचं वजन इतकं उतरलं होतं की गुंतवणूकदाराला ते जाणवलंही नसेल.

मग स्वतःच पन्नास शेअर घेतले तर? करून बघा. समजा यादीतल्या एका कंपनीचा शेअर 12 हजारांचा आहे आणि निर्देशांकात तिचं वजन दीड टक्का आहे. तिचा किमान एक शेअर घ्यायचा आणि वजनं पाळायची म्हटलं तर एकूण पोर्टफोलिओ आठ लाखांचा हवा. महिन्याला दोन हजार टाकणाऱ्याला ते शक्यच नाही. शिवाय डीमॅट खात्यातून शेअर विकताना प्रत्येक कंपनीमागे ठरावीक शुल्क पडतं, साधारण पंधरा-वीस रुपये. लाखाच्या व्यवहारात ते दिसत नाही, दोन हजारांच्या व्यवहारात तो जवळपास एक टक्का होतो. करही वेगळा लागतो. तुम्ही एक शेअर विकून दुसरा घेतला की नफा त्या वर्षीच्या कराच्या हिशोबात येतो, मग तो वर्षाच्या आतला असो की नंतरचा. फंडाने आतल्या आत कंपन्या बदलल्या तर तुम्हाला कर लागत नाही. तुम्ही स्वतः युनिट विकाल तेव्हाच तो प्रश्न येतो.

पैसे विभागून काय होत नाही, हेही माहीत हवं. एका कंपनीची जोखीम त्यामुळे जाते, बाजाराची जात नाही. जानेवारी 2008 मध्ये निफ्टी 6,300 च्या पुढे होता, ऑक्टोबरमध्ये 2,300 च्या खाली जाऊन आला. पन्नास कंपन्या असूनही साठ टक्क्यांहून अधिक घसरण. तीन वर्षांनी लागणारे मुलीच्या फीचे पैसे इंडेक्स फंडात ठेवणं म्हणूनच चूक आहे, फंड कितीही चांगला असला तरी. आणि ‘बाजार शेवटी वर येतोच’ म्हणणाऱ्यांनी जपान पाहावा. तिथल्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर 1989 मधली उंची पुन्हा गाठली ती फेब्रुवारी 2024 मध्ये. एका देशाचे शेअर ही सुद्धा एकच बाजू लावणं असतं. मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी, थोडं सोनं, हे सगळं शेअरांच्या शेजारी असायलाच हवं.

दुसरी फसगत नावांची. ‘इंडेक्स’ हा शब्द दिसला की पैसे विभागले गेले असं नाही. संरक्षण क्षेत्राचा इंडेक्स फंड, माहिती तंत्रज्ञानाचा इंडेक्स फंड, बँकांचा इंडेक्स फंड, या एकाच धंद्यावरच्या पैजा आहेत. निफ्टी 50 सुद्धा दिसते तेवढी पसरलेली नाही. वरच्या दहा कंपन्यांकडेच निम्म्याहून अधिक वजन असतं, आणि बँका व वित्तसंस्थांचा वाटा एकतृतीयांशाच्या आसपास. याचा कोणाला त्रास वाटत असेल तर निफ्टी 500 वर आधारलेले फंड आहेत. उलट मोठ्या कंपन्यांत गुंतवणारे पाच वेगवेगळे लार्ज कॅप फंड घेऊन काही साधत नाही. पाचांच्या यादीत त्याच बँका पुन्हा पुन्हा दिसतील.

आणि नोकरीही हिशोबात धरा. पुण्यात हिंजवडीला नोकरी, कंपनीकडून मिळालेले तिचेच शेअर आणि वर ‘आपल्याला यातलं कळतं’ म्हणून घेतलेले आणखी तीन आयटी शेअर. हे पोर्टफोलिओ कागदावर चार कंपन्यांचं आहे. मंदीच्या वर्षी पगारवाढ थांबते, कदाचित नोकरी जाते आणि नेमके तेव्हाच शेअर पडलेले असतात. आपल्याला ज्या क्षेत्रातलं कळतं, त्या क्षेत्रात आपला पगार आधीच गुंतलेला असतो.

तरीही शेअर निवडावेसे वाटतात, हे मी समजू शकतो. त्यात मजा आहे, कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायची सवय लागते, आणि काही जणांना खरंच जमतं. अशांनी एकूण शेअर गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांपर्यंत वेगळी रक्कम काढावी, बाकी इंडेक्स फंडात ठेवावी, आणि हिशोब मात्र प्रामाणिकपणे मांडावा. तो असा. स्प्रेडशीटच्या `A` रकान्यात तारखा, `B` मध्ये रकमा. शेअर घेतले तेव्हाची रक्कम उणे, विकले किंवा लाभांश आला ती अधिक, आणि शेवटच्या ओळीत आजची तारीख व आज हाती असलेल्या शेअरांची किंमत. नोंदी दुसऱ्या ओळीपासून एकविसाव्या ओळीपर्यंत असतील तर वार्षिक परताव्याचं सूत्र असं:

```
=XIRR(B2:B21,A2:A21)
```

यात तोट्यात विकून टाकलेले शेअर घालायला विसरू नका. ॲपवर दिसणारा नफा बहुधा फक्त सध्या हाती असलेल्या शेअरांचा असतो. तोट्यातले काढून टाकले की तो आकडा सुंदर दिसू लागतो. मग शेजारी दुसरा हिशोब करा: त्याच तारखांना त्याच रकमा निफ्टी फंडात घातल्या आणि काढल्या असत्या तर आज काय असतं? फंडाचा प्रत्येक दिवसाचा भाव म्युच्युअल फंडांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि फंडाच्या भावात लाभांश धरलेलाच असल्याने तुलना सरळ होते. बातम्यांत दिसणाऱ्या निफ्टीच्या आकड्याशी तुलना करू नका, त्यात लाभांश नसतो. त्यामुळे आपण जिंकतोय असा भास होतो.

दोन-तीन वर्षांत तुमचा आकडा पुढे दिसला तर लगेच रक्कम वाढवू नका. चार-पाच शेअरांचा संच नुसत्या योगायोगानेही एखाद्या वर्षी निर्देशांकाच्या दहा-पंधरा टक्के वर किंवा खाली जातो. वर्षाला दोन टक्क्यांचं खरं कौशल्य असेल तर ते या गोंधळातून वेगळं दिसायला तीन वर्षं अगदीच अपुरी आहेत, त्याला काही दशकंही लागू शकतात. थांबण्यासाठी मात्र इतकी वाट पाहायची गरज नाही: सात-आठ वर्षांचा हिशोब मांडल्यावर बरोबरीही साधत नसेल, तर त्या संचात नवे पैसे टाकणं थांबवायला तेवढं कारण पुरेसं आहे.